एका डॉलरला दोन कुलपं

आमच्या घरात मला हिशेबी समजत असत. त्याला आधार एवढाच, की मी कॉमर्सचा पदवीधर होतो आणि बाकीचे सगळे खरोखर काहीतरी करत होते. वडील कसाऱ्याला रेल्वेत होते, धाकटा भाऊ भात पिकवायचा, आणि थोरल्या ताईने मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत दाजींबरोबर कारखाना उभा केला होता. मी शहापूरला एका ऑफिसात काही वर्षं फायली इकडून तिकडे केल्या. ते ऑफिस बंद पडलं, तेव्हा ताई म्हणाली, "घरात बसून काय करशील रे? आमच्याकडे बस." अशा रीतीने मी कारखान्याचा हिशेबनीस झालो. रोज स्कूटरवरून सापगाव, पुढे सरळगाव, आणि मग मुरबाड. स्कूटर माझी, पेट्रोल कारखान्याचं. माझ्या आयुष्यातला हा पहिला यशस्वी करार.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. तीत चार लेथ, एक ग्राइंडर आणि पंधरा-सोळा माणसं. आम्ही अवजड गाड्यांना लागणाऱ्या लोखंडी पिना बनवायचो. हातभर लांबीची, मनगटाएवढी जाड पिन. दिसायला काहीच नाही, पण ती मोडली तर गाडी जागच्या जागी बसते. पिन घडवून झाली की तिला भट्टीत तापवून टणक करावं लागतं. ती भट्टी आमच्याकडे नव्हती. माल अंबरनाथला पाठवायचा, तिथून परत आणायचा, आणि परत आलेल्या शंभरातल्या आठ-दहा पिना वाकड्या निघाल्या की दाजींनी दिवसभर कोणाशी बोलायचं नाही, असा रिवाज होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं अमेरिकेतलं एक गिऱ्हाईक होतं. त्याचा माणूस येऊन शेड बघून गेला आणि जाताना स्पष्ट सांगून गेला, की या खेपेचा माल घेतो, पण पुढची ऑर्डर हवी असेल तर भट्टी तुमच्या शेडमध्ये पाहिजे. बाहेरून टणक करून आणलेली पिन यापुढे चालणार नाही. दाजींनी दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीच्या एका कारखानदाराकडे भट्टी ठरवली. पाच लाख आगाऊ दिले. उरलेले चव्वेचाळीस लाख सहा महिन्यांनी, भट्टी तयार झाल्यावर, एकरकमी. नाही दिले तर भट्टी दुसऱ्याला जाणार आणि पाच लाखही जाणार. पाच लाख दाजींनी कुठून उभे केले ते मला माहीत होतं, कारण त्यानंतर माझा पगार दोन महिने उशिरा झाला.

चव्वेचाळीस लाख येणार होते ते त्याच अमेरिकन गिऱ्हाइकाकडून. बिल होतं एक लाख तीन हजार डॉलरचं, आणि मुदतही सहा महिन्यांची. त्या दिवशी डॉलर बेचाळीस रुपयांचा होता. म्हणजे भाव तसाच राहिला तर त्रेचाळीस लाख सव्वीस हजार, भट्टीला कमी. भाव वर गेला तर भट्टी. खाली आला तर काय, याचा विचार दाजी करत नसत.

"डॉलर कदी खाली गेलाय का?" ते विचारत. "मी जल्मल्यापास्नं वरच चाललाय. माज्या वजनासारका."

अशा वेळी निर्यातदारांसाठी ठाण्याला एक दिवसाची शिकवणी होती. फी होती, पण दुपारचं जेवण त्यात होतं, म्हणून मी गेलो. तिथे एका टाय लावलेल्या गृहस्थाने परदेशातून यायच्या पैशाचा भाव आधीच बांधून कसा ठेवायचा, ते शिकवलं. मला ते समजलं. ही गोष्ट इतकी अनपेक्षित होती की मी जेवणही अर्धवट टाकलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये रोजच्या उत्पादनाचा जो फळा होता, तो मी पुसला. फोरमनने माझ्याकडे बघितलं तसं पुढे आयुष्यात फार थोड्या लोकांनी बघितलं. दाजी स्टुलावर बसले. ताई पॅकिंगच्या टेबलाशी पिनांना तेलाचा कागद गुंडाळत होती, ती तिथूनच ऐकत होती.

"दोन रस्ते आहेत," मी सुरू केलं. "पहिला, फॉरवर्ड. आपण आज बँकेशी ठरवायचं, की सहा महिन्यांनी आमचे डॉलर येतील ते तुम्ही अमुक भावाने घ्यायचे. मग त्या दिवशी बाजारात भाव काहीही असो, आपला भाव तोच."

"आन् दुसरा?"

"दुसरा म्हणजे आजच डॉलर कर्जाने घ्यायचे. ते आजच विकून रुपये करायचे. रुपये व्याजाने ठेवायचे. सहा महिन्यांनी अमेरिकेतून डॉलर आले की त्याच डॉलरनी कर्ज फेडायचं. रुपये आपले."

"पण कर्ज एक लाख तीन हजाराचं घ्यायचं?"

हा प्रश्न चांगला होता. मी शिकवणीत नेमका हाच विचारला होता आणि लोक हसले होते, म्हणून मी गंभीरपणे उत्तर दिलं. "नाही. व्याज धरून एक लाख तीन हजार फेडायचे होतील, एवढंच घ्यायचं. समजा, डॉलरचं व्याज वर्षाला सहा टक्के, म्हणजे सहा महिन्यांचं तीन. मग आज एक लाख घ्यायचे. त्याचे बेचाळीस लाख रुपये झाले. रुपयाचं व्याज समजा बारा टक्के, सहा महिन्यांचं सहा. बेचाळीस लाखांचे झाले चव्वेचाळीस लाख बावन्न हजार."

फळ्यावर आकडा लिहिला. मग पहिल्या रस्त्याकडे वळलो. "आता फॉरवर्डचा भाव बँक कसा काढते? हाच हिशेब. बेचाळीसला रुपयाच्या व्याजाने वाढवायचं आणि डॉलरच्या व्याजाने भागायचं. आला त्रेचाळीस रुपये बावीस पैसे आणि वर थोडं. गुणिले एक लाख तीन हजार." मी थांबलो. टाय लावलेला गृहस्थही इथेच थांबला होता. "चव्वेचाळीस लाख बावन्न हजार!"

मागे ग्राइंडर चालू होता.

"म्हंजे दोन्ही सारकंच?" दाजी म्हणाले.

"तंतोतंत. सारखं नसेल तर कोणीतरी हुशार माणूस एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवेल आणि फुकट पैसे कमावेल. असे हुशार इतके आहेत की फरक टिकतच नाही."

"मग सारकंच हाय, तर तुमी दिवसभर शिकलात काय?"

ताई कागद गुंडाळता गुंडाळता हसली. "जेवन होतं ना."

दाजींना अजून एक शंका होती. "बँक म्हनते त्रेचाळीस बावीस. म्हंजे बँकेला ठाव हाय, डॉलर तितं जानार. मग मी कशाला इकू? मी बी तितवर थांबतो."

"बँकेला काही ठाऊक नसतं, दाजी. तो अंदाज नाही. आपल्याकडे व्याज जास्त, तिकडे कमी. त्या दोन व्याजांतलं अंतर म्हणजे तो भाव. उद्या डॉलर चाळीस होईल नाहीतर पन्नास, बँकेला त्याचं सोयरसुतक नाही."

हे त्यांना पटलं नाही. भाव सांगणाऱ्याला भाव माहीत नसतो, ही गोष्ट बाजारात उभं राहिलेल्या माणसाला पटत नाही. पण भट्टी हातची जाईल ही भीती त्यांनाही होती. रोज संध्याकाळी जाताना ते शेडच्या मागच्या मोकळ्या जागेपाशी थांबत. तिथे भट्टीसाठी चौथरा बांधून तयार होता, आणि त्याच्यावर कारखान्यातलं मांजर झोपत असे.

"करा काय ते," शेवटी म्हणाले. "दोन्ही चांगलं म्हनता ना? मग करा."

मी बँकेच्या कल्याणच्या शाखेत गेलो, कारण परदेशी चलनाचे व्यवहार तिथूनच होत. मुरबाडच्या शाखेत फक्त कागद द्यायचे. कल्याणला त्या कामाच्या एक बाई होत्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलायच्या. मी त्यांना शिकवणीतला हिशेब ऐकवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, यावरून त्या सभ्य होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हा मोठ्या बँकांचा आपापसातला हिशेब. तुम्हाला डॉलर सहाने कोण देणार? सात पडतील. आणि रुपये ठेवायला गेलात तर बारा कोण देणार?"

"आमची पतपेढी दहा देते."

"मग घाला आकडे. आणि फॉरवर्डमध्ये आमचं थोडं राहणारच. त्रेचाळीस पंधरा देते."

मी तिथेच बाकावर बसून आकडे घातले. सात टक्क्यांनी कर्ज म्हटल्यावर आज एक लाख नाही, साडेनव्व्याण्णव हजार डॉलरच मिळणार. त्यांचे रुपये एक्केचाळीस लाख ऐंशी हजार. ते पतपेढीत दहा टक्क्यांनी सहा महिने ठेवले की त्रेचाळीस लाख एकोणनव्वद हजार. भट्टीला अकरा हजार कमी. आणि फॉरवर्डने चव्वेचाळीस लाख चव्वेचाळीस हजार. म्हणजे फळ्यावर जुळी दिसणारी भावंडं बँकेत आल्याबरोबर वेगळी झाली होती. आम्ही महाग घेणार आणि स्वस्त ठेवणार, त्या दोन फटींतून पन्नास-पंचावन्न हजार गळत होते.

बाईंनी माझा कागद वाचला. "पतपेढी कशाला? तुमचं कॅश क्रेडिट आहे ना, पंधरा टक्क्यांचं? त्यात भरा. पंधरा टक्के वाचतील. मग हाच रस्ता फॉरवर्डच्या पुढे जातो. चव्वेचाळीस त्र्याण्णव होतात."

खरं होतं. कर्ज कमी करणं हीच आमच्यासाठी सगळ्यात जास्त व्याजाची ठेव होती. शिकवणीत हे सांगितलं नव्हतं, किंवा मी तेव्हा जेवत होतो.

पण मला दाजी माहीत होते. कॅश क्रेडिट म्हणजे बँकेने कारखान्याला दिलेली उचल. ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढा, भरा, पुन्हा काढा. आमच्या वसाहतीत एक अलिखित नियम होता, की ही उचल कायम भरलेली ठेवायची. कमी वापरलीत की बँक म्हणते, यांना गरज नाही, आणि वर्षाच्या फेरतपासणीत मर्यादा कापते. रस्त्यापलीकडच्या प्लॅस्टिकवाल्याची अशीच कापली गेली होती. त्यामुळे हातात आलेले रुपये पतपेढीत दहाने ठेवायचे आणि बँकेला पंधराने देत राहायचं, असं आमच्याकडे सगळेच करत. हिशेबात हा वेडेपणा होता. वसाहतीत ती शहाणपणाची खूण होती.

मी वाद टाळला आणि फॉरवर्ड केला. माझ्याकडे ताईच्या सहीचं अधिकारपत्र होतं. करार झाला: सहा महिन्यांनी एक लाख तीन हजार डॉलर, त्रेचाळीस पंधराने. मी कल्याणच्या स्टँडवर भजी खाल्ली आणि स्वतःला मोठ्या कंपनीचा माणूस समजत परत आलो.

शेडवर येऊन सांगितलं, "झालं काम." दाजी "बरं" म्हणाले. आम्ही दोघेही त्या "बरं"मध्ये वेगवेगळं समजलो.

त्याच आठवड्यात दाजी बिलाचे कागद द्यायला मुरबाडच्या शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी सहज विचारलं, या बिलावर डॉलरमध्ये कर्ज हवंय का, आज रुपये मिळतील. दाजींनी आनंदाने सही केली. एक्केचाळीस लाख ऐंशी हजार खात्यात आले, आणि त्याच दुपारी ते पतपेढीत जाऊन बसले. पतपेढीच्या चेअरमननी दाजींना नारळ दिला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला कळलं ते कल्याणच्या बाईंच्या फोनवरून. मुरबाडचे कागद शेवटी त्यांच्याच टेबलावर आले होते.

"तुमचे डॉलर किती येणार आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक लाख तीन हजार."

"आणि विकलेत किती?"

मी टेबलावरचा करार पुढे ओढला.

"एकदा फॉरवर्डने विकलेत. एकदा कर्ज काढून विकलेत. एकच नवरामुलगा दोन मांडवांत कबूल केलाय तुम्ही. ते डॉलर येतील आणि कर्ज फेडण्यात जातील. मग सहा महिन्यांनी माझ्या फॉरवर्डला काय देणार?"

संध्याकाळी पॅकिंगच्या टेबलाशी आम्ही तिघे. माझा आवाज चढला होता, असं ताई नंतर म्हणायची. मला तसं आठवत नाही.

"दाजी, दोन्ही कशाला केलंत?"

"तुमीच बोललात, दोन्ही चांगलं. एक तुमी केलं, एक मी केलं. आमच्या आज्याच्या भाताच्या कनगीच्या खोलीला दोन कुलपं व्हती. एक फुटलं तर दुसरं."

"अहो, हे कुलूप नाही!"

"मग काय हाय?"

मला चटकन उपमा सुचेना. मी म्हणालो, "पायातली एकच चप्पल दोनदा विकण्यासारखं आहे. आपल्याला दुसरी बाजारातून विकत घेऊन द्यावी लागणार. आणि डॉलर चढला, तर महाग घ्यावी लागणार. आधी डॉलर पडला तर आपण बुडणार होतो. आता चढला तर बुडणार."

"डॉलर तर चढतोच," दाजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला.

आठवड्याभरात तो वीस पैशांनी चढलाही होता.

मी बाईंना विचारून आलो होतो, ते सांगितलं. दोन्हींतलं एक मोडायचं. आज मोडा, उद्या मोडा, पण लवकर मोडा. कुठलंही मोडलं तरी साधारण पंचवीस हजारांचा फटका आहे. फॉरवर्ड मोडला तर आज चढलेल्या भावातला फरक बँकेला द्यायचा. कर्ज मोडलं तर बेचाळीसने विकलेले डॉलर बेचाळीस वीसने परत घ्यायचे, वर आठवड्याचं व्याज.

"म्हंजे आता काय उरतं, ते सांग," ताई म्हणाली. तिने तेलाचे हात फडक्याला पुसले होते. ताईने हात पुसले की विषय संपवायचा, असा अर्थ असायचा.

मी सांगितलं. "कर्ज ठेवलं आणि रुपये पतपेढीत राहिले, तर त्रेचाळीस लाख चौसष्ट. भट्टी गेली. कर्ज ठेवलं आणि रुपये कॅश क्रेडिटमध्ये भरले, तर चव्वेचाळीस लाख अडुसष्ट. भट्टी आली, वर अडुसष्ट हजार. आणि कर्ज परत केलं, फॉरवर्ड ठेवला, तर चव्वेचाळीस लाख एकोणीस."

"मग अडुसष्टच घ्यायचे की," मी पुढे म्हणालो. "हिशेब सरळ आहे."

"क्याश क्रेडिटात नाय भरायचे," दाजी म्हणाले. "भरलेले पैसे सहा महिन्यांनी परत काडायला गेलो आन् साहेब म्हनला, तुमची लिमिट कापली, मग? परत काडून मशीन घेताय म्हनल्यावर तर अजून इचारनार, ती उचल मालासाठी दिली व्हती, भट्टीसाठी नाय."

ही शेवटची गोष्ट खरी होती, आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती. फेरतपासणी नेमकी त्या सहा महिन्यांच्या आत येत होती.

"कापतीलच असं नाही," मी म्हणालो.

"कापनारच नाय असं लिवून देतील?"

मी दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या साहेबांना खरोखर विचारलं. ते हसले आणि त्यांनी मला चहा पाजला. लिहून मात्र दिलं नाही. 

परत येऊन मी ताईला चहाबद्दल सांगितलं.

"आपल्याला चव्वेचाळीस पायजेत ना?" तिने विचारलं.

"हो."

"आन् एकोनीस हजार वर उरतात, कुनाचं तोंड न बगता?"

"गिऱ्हाइकाने वेळेवर पैसे दिले तर. ते तर दोन्हीकडे लागतंच."

"मग झालं. मला अडुसष्ट नको. मला भट्टी पायजे." ती दाजींकडे वळली. "आन् तुमी उद्या जाऊन पतपेढीतनं पैसे काडा. नारळ पन परत द्या."

नारळाची चटणी झालेली होती. पण दाजी गेले. चेअरमन म्हणाले, आठवड्यात ठेव मोडतात का कोणी, तुमच्यासारख्या माणसानं असं केल्यावर लोकांनी काय समजायचं? दाजींनी उत्तर दिलं, की आमच्या मेवण्याने शिकवणी केलीय. हे उत्तर पुढे वसाहतीत बरंच फिरलं. कोणाचा हिशेब चुकला की विचारत, "शिकवणी केली काय?"

कर्ज परत गेलं. फॉरवर्ड राहिला. त्यानंतरचे महिने मी रोज पेपरात डॉलरचा भाव बघत असे, जरी आता त्याचा आमच्याशी काही संबंध उरला नव्हता. दाजीही बघत. फरक एवढाच, की ते तो मोठ्याने वाचत.

"बेचाळीस साठ." 

मी पान उलटायचो.

"त्रेचाळीस दहा, मेवणे."

"वाचलं."

"त्रेचाळीस पन्नास. आजचा चहा तुमी पाजा."

मी त्यांना समजावत असे, की डॉलर पडला असता तर आपण वाचलो असतो. ते म्हणत, "पडला का?" भाव बांधून ठेवणाऱ्या माणसाला आयुष्यात हा एक प्रश्न विचारणारा दाजी मिळतोच. न पडलेल्या दगडापासून वाचवल्याचे आभार कोणी मानत नाही. ठाण्याच्या त्या गृहस्थाला कोणी मानले असतील असं मला वाटत नाही, आणि त्याने तर टाय लावला होता.

गिऱ्हाइकाने पैसे ठरल्या महिन्यात पाठवले. त्या दिवशी बाजारात डॉलर त्रेचाळीस सत्तर होता. आम्ही त्रेचाळीस पंधराने दिला. काहीच केलं नसतं तर पंचेचाळीस लाखांच्या वर मिळाले असते. मुरबाडच्या शाखेची फेरतपासणीही होऊन गेली होती, आणि आमची मर्यादा कापली गेली नव्हती. म्हणजे कॅश क्रेडिटवाला रस्ताही सुखरूप निघाला असता. सगळे रस्ते मोजून बघितले, तर भट्टी देणाऱ्या रस्त्यांतला सर्वांत कमी पैसे देणारा रस्ता आम्ही निवडला होता. दाजींनी हे माझ्या आधी मोजलं होतं, मला न विचारता आणि अगदी बरोबर.

"ब्याऐंशी हजार," ते म्हणाले. "तेवड्यात तुमची नवी स्कूटर आली असती. दोन आल्या असत्या."

चव्वेचाळीस लाख डोंबिवलीला गेले. भट्टी एका ट्रकमधून आली. वसाहतीच्या वळणावर ट्रक अडकला, तो काढायला आमची आणि प्लॅस्टिकवाल्याची मिळून वीसेक माणसं गेली. चौथऱ्यावरून मांजर उठवलं. ते आठवडाभर रागावून ऑफिसात माझ्या खुर्चीवर बसत असे.

पहिल्या घाण्याच्या दिवशी सगळे जमले. डोंबिवलीचे दोन मिस्त्री होते, त्यांनी कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. पिना लाल होऊन आत राहिल्या, मग तेलात बुडाल्या, धूर झाला, मग पुन्हा मंद आचेवर गेल्या. संध्याकाळपर्यंत गार झाल्या. आधी सगळ्यांनी त्या सरळ आहेत का ते बघितलं. फोरमन एकेक पिन सपाट लादीवर लोटायचा आणि ती न अडखळता पलीकडे जायची. एकही वाकडी निघाली नाही.

टणकपणा मोजायचं यंत्र आलेलं होतं, पण दाजींचा यंत्रावर भरवसा नव्हता. त्यांनी कानस घेतली, एक पिन शिकंज्यात धरली आणि कडेवर कानस ओढली. कच्ची पिन असती तर कानस चावली असती, किस पडला असता. इथे ती काचेवरून घसरावी तशी घसरली. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा घसरली. मग त्यांनी ती ताईच्या हातात दिली. तिनेही ओढून बघितली, आणि पिनेवरून अंगठा फिरवत उभी राहिली.

कोणी भावाबद्दल बोललं नाही. दाजींनी कानस ठेवली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मेवणे, त्या बाईंना इचारा, पुडच्या बिलाला काय देते बँक."

मी फोन लावला. बाईंनी भाव सांगितला. मी दाजींना सांगितला आणि वाट बघत राहिलो.

"एकच करा," ते म्हणाले. "मी सही कुटं करत नाय."